कंत्राटी मुलं लाइनवर मिसळायची, की एक काम पूर्ण उक्तं द्यायचं?

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला सुट्या भागांचा कारखाना चालवणाऱ्यांना कंत्राटी कामगार ठेवायचे की नाही, हा प्रश्न आता फारसा पडत नाही. ते असतातच. प्रश्न पडतो तो त्यांना बसवायचं कुठे याचा. एक पद्धत अशी की पर्मनंट ऑपरेटरच्या शेजारी, त्याच सेलमध्ये, त्याच लाइन सुपरवायझरच्या हाताखाली त्यांना उभं करायचं. दुसरी पद्धत अशी की पॅकिंग-डिस्पॅचसारखं एखादं काम अख्खं ठेकेदाराला उक्तं द्यायचं, त्याची माणसं, त्याचा सुपरवायझर, आणि आपण फक्त झालेलं काम मोजून घ्यायचं. मी दोन्हींत काम केलं आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण पहिल्या पद्धतीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, म्हणून आधी तेच.

मिसळण्याची सोय मोठी आहे. ऑर्डर वाढली की आठवड्याभरात चार हात वाढतात. मुलगा ऑपरेटरशेजारी उभा राहून काम शिकतो, मशीनचा आवाज बदलला की थांबायला शिकतो. ठेकेदाराच्या वेगळ्या सुपरवायझरचा पगार पडत नाही. तीन-चारच कंत्राटी मुलं असतील आणि हंगामापुरतीच हवी असतील, तर उक्त्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही असं मलाही वाटतं.

आकडा वाढला की मात्र कुरबूर सुरू होते. लोक समजतात की ती पगारावरून होते. पगाराचा फरक असतोच, आणि एकाच मशीनवर तेच काम करणाऱ्याला तेच वेतन द्यावं, ही अट 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत होतीच. ती किती ठिकाणी पाळली जायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी पाहिलं त्यात पर्मनंट माणसाचा खरा राग नगांवरून असायचा. युनियनशी झालेल्या वेतन करारात शिफ्टला समजा 340 नग ठरलेले असतात. शेजारी ओटीच्या आशेने काम करणारा बावीस वर्षांचा मुलगा 400 काढून मोकळा होतो. मग वरून कोणीतरी विचारतं, “हा काढतो, मग तुम्हाला काय झालं?” पुढच्या करारात आपला आकडा वाढणार, हे त्या पर्मनंट माणसाला तिथल्या तिथे दिसतं. त्या दिवसापासून तो मुलाला काही शिकवत नाही. मुलाला वाटतं, हे लोक आपल्याला पाण्यात पाहतात. दोघांचंही बरोबर असतं.

तरीही ही कुरबूर सांभाळता येते. ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती वेगळीच आणि अगदी किरकोळ दिसणारी आहे: सुट्टी कोणाला विचारायची?

जूनमधलं एक नेहमीचं उदाहरण घ्या. परभणीकडचा मुलगा पेरणीला तीन दिवस घरी जायचं म्हणून गुरुवारी लाइन सुपरवायझरला विचारतो. सुपरवायझर म्हणतो, “मला काय विचारतोस, तुझ्या ठेकेदाराला सांग.” हे चुकीचंही नाही. मुलगा ठेकेदाराच्या माणसाला फोन करतो. तो बाहेर तीन कंपन्या सांभाळत असतो, घाईत म्हणतो, “जा, पण कंपनीत सांगून जा.” मुलाच्या दृष्टीने दोघांनाही सांगून झालेलं असतं. सोमवारी दुपारी तीनला दुसरी शिफ्ट लागते आणि मशीनवर लोडिंगला माणूस नसतो. सुपरवायझर शेजारच्या पर्मनंट ऑपरेटरला दोन्ही मशीन बघायला सांगतो. तो म्हणतो, “एक माणूस, दोन मशीन, हे करारात नाही.” तेही खरंच असतं. मग पॅकिंगमधला मुलगा उचलून आणला जातो, तिथला माल मागे पडतो, आणि रात्री गाडी भरायला उशीर होतो. महिन्याच्या शेवटी ठेकेदार तीन दिवसांबरोबर हजेरी बोनसही कापतो, आणि मुलगा माझ्या टेबलासमोर उभा राहतो: “साहेब, मी विचारून गेलो होतो.”

यात कोणाचा दोष काढणार? पण लाइनवर निघालेला निष्कर्ष एकच असतो की ही पोरं कधीही दांडी मारतात आणि भोगावं आपल्याला लागतं. पगारातल्या फरकाने जेवढी कटुता येत नाही, तेवढी अशा दोन-चार सोमवारांनी येते. आणि सुट्टीचं जे होतं, तेच ओटीला कोण थांबवणार, चुकलं तर कोण बोलणार, दुसऱ्या मशीनवर कोण हलवणार, या सगळ्याचं होतं. मुलाला लाइन सुपरवायझर, ठेकेदाराचा माणूस आणि शेजारचा पर्मनंट ऑपरेटर असे तीन साहेब असतात. तिसरा तर चहा आणायलाही पाठवतो.

यावर सोपा उपाय सुचतो तो म्हणजे सुट्टी लाइन सुपरवायझरनेच द्यावी. शिस्तीच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तिथेच पाय अडकतो. स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये म्हटलं की कंत्राटावर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. पण कंत्राट नुसतं कागदोपत्री, दिखाऊ ठरलं तर ते कंपनीचेच मानले जातील. दिखाऊ की खरं, हे ठरवताना पगार कोण देतो, कामावर ठेवण्या-काढण्याचा अधिकार कोणाचा, अंतिम नियंत्रण कोणाकडे, हे पाहिलं जातं. कंपनीचा माणूस रोजचं काम दाखवतो एवढ्यानेच काही ठरत नाही. पण कंपनीच्या सुपरवायझरच्या सहीचे सुट्टीचे अर्ज, त्याने दिलेला मेमो, त्याच्याकडची हजेरीवही, अशा कागदांची चळत साठली की ठेकेदाराचा अधिकार होता हे दाखवणं जड जातं. म्हणजे लाइन नीट चालवायला जे करावं लागतं, तेच उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध वाचलं जातं. मिसळण्याच्या पद्धतीत ही गाठ मला तरी सुटली नाही.

उक्त्यात ही गाठ पडतच नाही. सुट्टी, बदली, ओटी, दम देणं हे सगळं ठेकेदाराच्या सुपरवायझरचं, आणि तो शिफ्टभर जागेवर असलाच पाहिजे. ही अट मी करारात पहिली घालतो. आपल्या बाजूने बोलणारा माणूसही एकच, डिस्पॅच इन्चार्ज. प्लांट हेडला जरी एखादं खोकं पुढे काढून हवं असेल तरी त्याने इन्चार्जला सांगायचं, इन्चार्जने ठेकेदाराच्या सुपरवायझरला. सुरुवातीला हे फार लांबण लावल्यासारखं वाटतं. अपवाद एकच: फोर्कलिफ्टखाली कोणी उभा दिसला तर काम थांबवायचा हक्क कोणालाही आहे, तिथे कोणाची वाट पाहायची नाही. आठपैकी दोघं आले नाहीत तरी माझ्या पर्मनंट माणसाला त्याची झळ लागत नाही. नगांची तुलनाही उरत नाही, कारण ते काम करणारा दुसरा कोणी नाही.

आता उक्त्याचे त्रास. पहिला, दर. समजा आठ मुलं शिफ्टला 640 खोकी भरतात, म्हणजे माणशी 80. एका मुलाचा दिवसाचा सगळा खर्च, म्हणजे वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस, रजा आणि ठेकेदाराचा आकार धरून, समजा 1,000 रुपये येतो. दर झाला खोक्याला साडेबारा रुपये, आणि सुपरवायझरचा खर्च वेगळा. ऑर्डर पडून 400 च खोकी आली तर बिल होतं 5,000 आणि ठेकेदाराचा खर्च 8,000. ही तूट तो कुठून भरतो, हे सांगायला नको. मुलांना अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन घरी पाठवतो किंवा पीएफ थकवतो. वेतन बुडालं तर ती जबाबदारी शेवटी मूळ मालकावर, म्हणजे आपल्यावरच येते. म्हणून करारात तीन गोष्टी हव्यात: रोजचं किमान काम (मी 80 टक्के, म्हणजे 512 खोकी धरतो), दुसऱ्या दिवसाचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाचला लेखी, म्हणजे तो आठऐवजी सातच माणसं आणेल, आणि गेटमधून आत आलेल्याला पूर्ण दिवसाचं वेतन. दरमहा बिल पास करण्याआधी पीएफ-ईएसआयची चलनं नावांसकट तपासायची, आणि ती नावं गेटच्या नोंदीशी जुळवायची. चलनात सात आणि गेटवर आठ दिसले की समजावं.

दुसरा त्रास दर्जाचा. खोक्यावर चुकीचं लेबल लागून ग्राहकाकडून माल परत आला तर डेबिट ठेकेदाराच्या बिलावर, आणि त्यालाही मर्यादा. ते मुलांच्या पगारातून वळतं होत नाही ना, हे बघावं लागतं. नुकसानीची कपात कायद्याने मोजकीच करता येते, तीही कामगाराचं म्हणणं ऐकून. आमच्याकडे पगारस्लिपची प्रत मागायची पद्धत आहे. ठेकेदाराला ती आवडत नाही.

तिसरं, सगळीच कामं उक्ती देता येत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, पन्नास किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे, मुख्य कामासाठी ते लावायला मनाई आहे. माल चढवणं-उतरवणं, साफसफाई, कॅन्टीन, सुरक्षा, बागकाम अशी कामं, ती आस्थापनेचा मूळ धंदा नसतील तर, मुख्य धरली जात नाहीत. ठरावीक मुदतीत उरकायचं काम अचानक वाढलं तर मुख्य कामातही सूट आहे. म्हणजे मशीनिंगचा अख्खा सेल उक्ता देण्याचा मोह मलाही झाला असता, पण तिकडे जाऊ नये. तिथे माणूस लागणारच असेल तर ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर थेट कंपनीत घ्यावा. त्याला पर्मनंटइतकेच लाभ द्यावे लागतात आणि नव्या संहितेनुसार वर्षभरात ग्रॅच्युइटीही लागू होते, म्हणून तो महाग पडतो. पण त्याची सुट्टी कोण देणार, हा प्रश्न उरत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच दुखते. काम वेगळं केलं तरी कॅन्टीन, पाण्याचा कूलर आणि बसथांबा एकच असतो. मी एका ठिकाणी जेवणाची कुपनं दोन रंगांची पाहिली आहेत, पिवळ्यावर गोड नाही. त्यातून वाचणारी रक्कम कॅन्टीनच्या बिलात शोधूनही सापडली नसती. उक्तं दिलं म्हणून हेही वेगळं करायचं असेल, तर माझ्या मताला फारसं वजन देऊ नका.

वीसपेक्षा कमी कंत्राटी माणसं आणि मशीनवरच गरज असेल तर मिसळा, पण प्रत्येक शिफ्टला ठेकेदाराचा एक माणूस आत ठेवा आणि सुट्टीची चिठ्ठी त्याच्याच सहीची, प्रत लाइन सुपरवायझरला, एवढं तरी करा. त्याहून जास्त असतील आणि त्यातले निम्मे तरी पॅकिंग-लोडिंगमध्ये असतील, तर मी आधी ते काम वेगळं काढीन आणि मशीनवर उरलेल्यांचा विचार मग करीन.