‘दहा तास माल चालतो’ म्हणत भिंतीवर शिळा माल मारला

गुत्तेदार सिमेंटचा टेस्ट रिपोर्ट समोर धरून “माल दहा तास चालतो” असं सांगत असेल, तर तो कागद त्याच्या हातातून घ्या आणि स्वतः वाचा. लातूर जिल्ह्यात आमच्या गावाकडच्या घराचं बाहेरचं प्लास्टर याच एका वाक्यावर खराब झालं. गुत्तं मालासकट होतं, म्हणजे सिमेंट-वाळू त्याची, मजुरी त्याची, आम्ही फक्त चौरस फुटावर पैसे द्यायचे. असं गुत्तं दिलं की माल फेकून देणं त्याला जड जातं, हे आता कळतं.

काम एप्रिल-मे महिन्यात चाललं होतं. आमच्याकडं त्या दिवसांत पाण्याचा टँकर सकाळीच येतो, आणि त्याचं निमित्त करून सकाळी नऊच्या सुमाराला चार पोत्यांचा माल एकदमच पाणी घालून कालवला जायचा. प्रमाण एकास चार. तीन गवंडी त्यातूनच संध्याकाळपर्यंत गिलावा करायचे. दुपारी जेवून सगळे परत आले की ढिगावर खपली धरलेली असायची. फावडं मारलं की माल ओला सरकायचा नाही, गुठळ्या होऊन फुटायचा. मग बिगारी दोन बादल्या पाणी ओतायचा, पायानं तुडवायचा, आणि माल पुन्हा लोण्यासारखा दिसायला लागायचा. संध्याकाळी उरलेल्या ढिगावर ओलं पोतं टाकायचं आणि सकाळी तो नव्या मालात मिसळायचा.

मी विचारलं, “हा माल सकाळचा आहे ना? अजून चालतो?”

“सर, तुम्ही कामून टेन्शन घेताव? हे बघा की, कंपनीचा कागद.” त्यानं मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि बोट ठेवलं. “600 मिनिटं. म्हंजे दहा तास. सांजच्याला पाचला बी माल जित्ता असतोय. ऊन लई हाय म्हणून वरून आवळतोय, पाणी दिलं की झालं.”

कागद खरा होता, आकडाही खरा होता. लबाडी होती ती त्याच्या अर्थात. सिमेंट घट्ट होण्याच्या दोन वेळा मोजतात. पहिली प्रारंभिक, म्हणजे घट्ट व्हायला सुरुवात झाली ती वेळ. दुसरी अंतिम, म्हणजे ते घट्ट होऊन बसलं ती वेळ. भारतीय मानकात साध्या ओपीसी सिमेंटला आणि पीपीसीला सुद्धा प्रारंभिक वेळ 30 मिनिटांपेक्षा कमी नसावी आणि अंतिम वेळ 600 मिनिटांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. ही 600 मिनिटं कारखान्यावर घातलेली मर्यादा आहे. दहा तासांनंतरही सिमेंट घट्ट होत नसेल तर ते नापास, एवढाच तिचा अर्थ. गवंड्याला दहा तास माल वापरायची परवानगी तिच्यात कुठंच नाही. त्याच रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात त्या सिमेंटची प्रत्यक्ष मोजलेली वेळ होती: प्रारंभिक साधारण अडीच तास, अंतिम चार तासांच्या आत. त्या रकान्यावर गुत्तेदाराचा अंगठा होता.

माझा पुतण्या तंत्रनिकेतनात सिव्हिलला आहे. त्यानं मला त्यांच्या प्रयोगशाळेत ही चाचणी दाखवली, आणि ती बघितल्यावर सगळा डाव उलगडला. व्हिकॅटचं उपकरण म्हणतात त्याला. 40 मिलिमीटर उंचीच्या साच्यात नुसत्या सिमेंटची ठरलेल्या पाण्यात मळलेली लापशी भरतात, आणि 1 मिलिमीटर चौरस टोकाची सुई वरून अलगद सोडतात. सुरुवातीला सुई सरळ तळाला जाते. ठराविक वेळानं जागा बदलून पुन्हा सोडायची. ज्या वेळी ती तळापासून 5 मिलिमीटरच्या आसपास अडते, ती प्रारंभिक वेळ. मोजायची मात्र सिमेंटमध्ये पाणी पडल्या क्षणापासून. अंतिम वेळेला सुईभोवती कडं असलेलं वेगळं टोक लावतात. सुईचा ठिपका उमटतो पण कड्याचा वळ उमटत नाही, तेव्हा अंतिम वेळ झाली.

मला खटकलं ते हे की प्रारंभिक वेळ झाली तेव्हा साच्यातलं सिमेंट डोळ्यांना चांगलं मऊ दिसत होतं. बोट दाबलं तर खड्डा पडला असता. सुईला 35 मिलिमीटर जागा मिळत होती, फक्त तळाशी अडकायला लागली होती. साइटवर ढीग बघून “अजून मऊ आहे” म्हणणारा माणूस नेमका इथं फसतो, किंवा फसवतो.

शिवाय ही चाचणी 27 अंशांच्या आसपास, सावलीत होते. आमच्या ढिगावर चाळिशीच्या वरचं ऊन होतं. भिंतीच्या मालात पाणी लापशीपेक्षा जास्त असतं, त्यानं थोडा वेळ वाढतो खरा, पण उन्हात तो वाढलेला वेळ निघून जातो. म्हणून चांगल्या कामाच्या अटींत पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल संपवा असं लिहिलेलं असतं. आमच्याकडं सकाळी नऊचा माल साडेपाचला भिंतीवर जात होता.

आता पाणी घालून तो का जिवंत होत नाही, हे समजून घ्या. सिमेंट सुकून कडक होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. दाण्याभोवती नवा पदार्थ तयार होतो, त्याचे बारीक तंतू शेजारच्या दाण्यांच्या तंतूंत गुंततात, आणि सगळा माल एकमेकांना धरतो. प्रारंभिक वेळेनंतर हे गुंतणं जोरात चालू असतं. त्या वेळी माल तुडवला, ढवळला, की तंतू तुटतात. दही लागत असताना विरजणात डाव फिरवावा तसं होतं. जेवढं सिमेंट संयोग पावलं तेवढं खर्ची पडलं, ते पुन्हा पहिल्यापासून जोडणी करत नाही. वरून ओतलेलं पाणी नुसतं फटींत बसतं, पुढं उडून जातं, आणि त्या जागी पोकळ छिद्रं राहतात. माल दिसायला मऊ, थापीला सोपा, पण विटेला धरणारा उरत नाही.

एक गोष्ट गुत्तेदाराच्या बाजूनं सांगतो. उन्हात पंधरा-वीस मिनिटांत माल आवळला, तर तो बहुधा पाणी उडाल्यामुळं आवळलेला असतो. तेव्हा किंचित पाणी शिंपडून पुन्हा मळणं चूक नाही. कधीकधी जिप्समच्या दोषामुळं सिमेंट पाणी पडल्यावर काही मिनिटांतच ताठरतं, ते पाणी न घालताच नीट ढवळलं तर मोकळं होतं. फरक हाताला कळत नाही, घड्याळाला कळतो.

आमची भिंत पावसाळ्यानंतर बोलायला लागली. हात फिरवला की तळव्यावर वाळू. खिळ्यानं ओरखडा काढला तर काही ठिकाणी फक्त पांढरी रेघ उठायची, काही ठिकाणी खिळा आत घुसून भुगा सांडायचा. नाण्यानं ठोकल्यावर तिथंच भदभद आवाज यायचा, म्हणजे गिलावा विटेपासून सुटलेला. गुत्तेदारानं आधी क्रश सँडवर ढकललं, मग ऊन, मग “पाणी मारायला तुम्ही कमी पडलाव”, शेवटी जमिनीची ओल.

पण काम चालू असताना मी रोज भावाला पुण्याला फोटो पाठवायचो, आणि प्रत्येक फोटोवर वेळ असते. ते काढून भिंतीशी ताडून पाहिलं. गिलावा वरून खाली करत येतात. मागच्या भिंतीवर खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतचा भाग जेवणाआधी झालेला होता, तो ठणठणीत. त्याखालचा दुपारनंतरचा, तो पोकळ. ओलीचं कारण खरं मानायला मी तयार होतो, पण समोरच्या भिंतीचा खालचा भाग सकाळी केलेला होता आणि तो पक्का होता. उलट गच्चीच्या कठड्याचा दुपारी केलेला भाग, जमिनीपासून दहा फुटांवर, तो सुटला होता. वाळू तीच, सिमेंट तेच, पाइपनं पाणी मारणारा मीच. बदल होता तो फक्त मालाच्या वयाचा.

मागच्या दाराच्या चौकटीतही हाच खेळ झाला. चौकटीच्या लोखंडी पट्ट्या संध्याकाळी काँक्रीटमध्ये बसवल्या. सकाळी ओळंबा लावला तर चौकट कललेली. गवंड्यानं लाकडाचा ठोकळा धरून हातोड्यानं ती सरळ केली. तोपर्यंत अंतिम वेळ उलटून गेली होती, पण घट्ट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. ताकद यायला पुढं आठवडे लागतात. पट्ट्यांभोवती बारीक तडा गेला, त्यावर सिमेंटचं पाणी फासलं, आणि आज दार आपटलं की चौकट हलते. त्या सकाळी काँक्रीट फोडून काढून नव्यानं भरणं हाच इलाज होता. वीट जोडताना असंच असतं: सांधा आवळल्यावर वीट हलवली तर ती काढून, जुना माल खरवडून, ताज्या मालात बसवायची. वरून ठोकून ओळीत आणलेली वीट दिसते सरळ, पण सुटलेली असते.

तक्रार केल्यावर गुत्तेदारानं दुसरा डाव टाकला: “केमिकलचा कोट मारतो, वरून पुट्टी, विषय संपला.” त्याचे पैसे वेगळे. यात पडू नका. खालचा थर भुगा असेल तर पुट्टी त्या भुग्यालाच चिकटते आणि त्याच्यासकट पापुद्रा होऊन निघते. सुटलेला गिलावा विटेपर्यंत तोडावाच लागतो. शेवटचं बिल दिलं नव्हतं, ते मी दिलंच नाही. पण तोडायचा, राडारोडा उचलायचा आणि नव्या गिलाव्याचा खर्च त्यापेक्षा जास्त झाला. तो आमच्याच खिशातून गेला.

दुसऱ्या गवंड्याला काम देताना कागदावर लिहून घेतलं की एका वेळी पाव पोत्याचाच माल ओला करायचा. हिशेब सोपा आहे. एकास चारच्या अर्ध्या इंची गिलाव्यात एक पोतं साधारण 90 ते 100 चौरस फूट जातं. तीन गवंडी मिळून तासाला 50 फुटांच्या आसपास करतात, म्हणजे पाव पोतं अर्ध्या तासाचा माल झाला. गवंडी एकच असेल तर पाव पोतंसुद्धा जास्तच. कोरडा माल आधी मिसळून ठेवला तर चालेल का, असं त्यानं विचारलं. वाळू वाळलेली असेल तर थोडा वेळ चालेल, ओली असेल तर नाही, कारण वाळूतल्या ओलीनंच सिमेंट काम सुरू करतं.

जेवणाच्या सुट्टीत एकही घमेलं भरलेलं ठेवायचं नाही, हीसुद्धा अट घातली. उरलं तर ते अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं, आणि त्या सिमेंटचे पैसे आम्ही द्यायचे. हे शेवटचं मुद्दाम मान्य केलं. फेकलेल्या मालाचा भुर्दंड गवंड्यावर पडणार असेल तर तो फेकणार नाही, पाणी मारून भिंतीवरच लावेल. सगळं घर होईपर्यंत त्या खड्ड्यात गेलेलं सिमेंट दोन पोत्यांच्या वर नव्हतं.