मिस्त्रीशी करार: रोजंदारी, मजुरीचा ठेका की मालासकट?

ताईच्या घराचं काम ठरवायचं होतं तेव्हा दोन मिस्त्री जागा बघून दर सांगून गेले. एक म्हणाला २६० रुपये फूट, दुसरा म्हणाला ३०० रुपये फूट. दोघेही फक्त मजुरीच सांगत होते, माल आमचा. घरातल्या सगळ्यांचा कल अर्थातच पहिल्याकडे होता. मी एकच विचारलं, "फूट कशाचा धरणार?"

पहिला स्लॅबचं क्षेत्रफळ धरणार होता. दुसरा भिंतीच्या बाहेरच्या कडेने मोजणार होता. घर ३० बाय २५ फुटांचं, म्हणजे ७५० चौरस फूट. स्लॅब मात्र चारही बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर, म्हणजे ३३ बाय २८, झाले ९२४ चौरस फूट. पहिल्याचा हिशेब २ लाख ४० हजार २४० रुपये आणि शिवाय गच्चीचा कठडा, जिना, शोषखड्डा वेगळा. दुसऱ्याचे २ लाख २५ हजार, त्यात कठडा आणि जिना धरून. स्वस्त दिसणारा मिस्त्री निदान पंधरा हजारांनी महाग होता. तो फसवत होता असंही नाही. त्याच्या भागात स्लॅबवरच मोजायची पद्धत होती आणि आम्ही विचारलं नसतं तर त्यानेही सांगितलं नसतं.

म्हणून करारात दराच्या आधी मापाची ओळ यायला हवी. "बाहेरील भिंतीच्या बाहेरच्या कडेने मोजलेले क्षेत्र. सज्जा, पडवी आणि स्लॅबचा बाहेर आलेला भाग मोजणीत धरला जाणार नाही. कठडा, जिना, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी यांची मजुरी याच दरात." यातलं जे वेगळं धरायचं असेल त्याचा दर तिथेच लिहावा. आमच्या वाडीत काम सुरू झाल्यावर जे वाद होतात, ते बहुतेक "हे ठरलं नव्हतं" या प्रकारचे असतात.

आता मुख्य प्रश्न. करार तीन प्रकारे होऊ शकतो आणि तिघांचे धोके वेगवेगळे आहेत.

रोजंदारीत मिस्त्री आणि बिगारी यांची हजेरी लागते आणि दिवसाचे पैसे दिले जातात. डागडुजी, पडलेली भिंत, एखादी खोली वाढवणं अशा कामाला हेच बरं, कारण जुनी भिंत उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. अशा कामाचा ठेका घेणारा मिस्त्री एक तर तोटा अंगावर घेतो, नाही तर आधीच दर वाढवून ठेवतो. पण अख्खं घर रोजंदारीवर बांधायचं तर मालकाने रोज सकाळी जागेवर उभं राहायला हवं. ते जमणार नसेल तर हा मार्ग सोडावा.

मजुरीच्या ठेक्यात माल मालकाचा आणि श्रम मिस्त्रीचे. आमच्याकडे घरांसाठी हाच प्रकार जास्त चालतो आणि मीही हाच सुचवेन. विटा, सिमेंट, सळई तुम्ही स्वतः बघून घेता, त्यामुळे मालात काटछाट करायचं मिस्त्रीला कारणच उरत नाही. धोका वेगळा आहे. माल वेळेवर आला नाही तर माणसं बसून राहतात आणि त्या खाड्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून भांडण होतं. म्हणून एक ओळ लिहावी, "कोणता माल किती लागेल ते मिस्त्री तीन दिवस आधी सांगतील. सांगूनही माल आला नाही तर त्या दिवसाची अर्धी हजेरी मालक देईल. आधी सांगितलं नसेल तर देणार नाही." अर्धी की पूर्ण, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवा.

मालासकट ठेका दिला की तुमची धावपळ वाचते. नोकरी पुण्या-मुंबईला आणि घर गावाकडे असेल तर दुसरा इलाजही नसतो. मात्र इथे मिस्त्रीचा नफा मालातूनच निघतो, त्यामुळे "चांगला माल" हे शब्द करारात चालत नाहीत. सिमेंट कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या प्रकारचं, सळई कोणत्या कंपनीची आणि किती मिलिमीटरची, वाळू नदीची की क्रश सँड, वीटकामाचा मसाला १:६ की आणखी काही, स्लॅबची जाडी किती, हे सगळं लिहावं लागतं. आणि ते तपासता यायला हवं. आमचं उदाहरण घ्या. ९२४ चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ३८५ घनफूट काँक्रीट. १:१.५:३ प्रमाण धरलं तर बीम सोडून ८५ ते ९० पोती सिमेंट त्यात जायला हवं. त्या दिवशी जागेवर माणूस उभा करून रिकामी पोती मोजली आणि ती साठच भरली, तर प्रमाण पाळलं गेलं नाही किंवा जाडी कमी पडली. प्लास्टर झाल्यावर हे कळायला काही मार्ग राहत नाही, म्हणून "स्लॅबची रिकामी पोती मालकासमोर मोजली जातील" ही ओळ मालासकटच्या करारात असलीच पाहिजे.

चौरस फुटाऐवजी ब्रासवर दर ठरत असेल, म्हणजे कुंपणाची भिंत किंवा नुसतं प्लास्टर, तर आणखी एक गोष्ट सांभाळा. वीटकामाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, मापं दोन. दरवाजे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही तेही त्याच ओळीत लिहून टाका.

पैशांच्या टप्प्यांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण काम अर्धवट राहण्याचं खरं कारण मला इथेच दिसलं आहे. नेहमीची रीत अशी: बयाणा ५० हजार, जोतं झालं की ५० हजार, स्लॅब पडला की ८० हजार. सव्वादोन लाखांच्या कामात स्लॅबपर्यंत १ लाख ८० हजार, म्हणजे ८० टक्के, गेलेले असतात. उरलेल्या ४५ हजारांत आतलं-बाहेरचं प्लास्टर, कठडा, फरशी, उंबरे. एवढ्या कामाची माणसांची मजुरीच त्याहून जास्त होते. मग मिस्त्री दुसऱ्या जागेवर नवा बयाणा घेतो, तिथे माणसं नेतो आणि तुम्ही फोन करत बसता. तो लबाड असतोच असं नाही. तुमच्या कामावर परत यायला त्याच्याकडे पैसाच उरलेला नसतो. दोष टप्प्यांच्या मांडणीचा असतो.

ताईच्या करारात आम्ही टप्पे असे मांडले:

काम सुरू करताना उचल: १५,०००
जोतं पूर्ण: ३०,०००
लिंटेलपर्यंत भिंती: ३०,०००
स्लॅब ओतून झाल्यावर: ५०,०००
आतलं प्लास्टर: ४०,०००
बाहेरचं प्लास्टर आणि कठडा: ३०,०००
फरशी, उंबरे, ओटा: १८,७५०
राखीव, म्हणजे एकूण रकमेच्या पाच टक्के: ११,२५०

स्लॅबपर्यंत १ लाख २५ हजार जातात आणि प्लास्टरपासून पुढच्या कामासाठी बरोबर एक लाख उरतात. राखीव रक्कम पहिला पावसाळा गेल्यावर द्यायची. गच्चीतून कुठे ओल आली तर मिस्त्रीने येऊन दुरुस्त करायची, आली नाही तर दसऱ्याला पूर्ण रक्कम त्याच्या हातात.

मिस्त्रीने यावर लगेच विचारलं, "दादा, जोतं होईपर्यंत तीन आठवडे माणसांना काय देऊ?" त्याचं म्हणणं रास्त होतं. बिगाऱ्यांना बाजाराच्या दिवशी खर्ची लागतेच, ती थांबवली तर माणसं पळतात. म्हणून खर्चीची ओळ घातली. दर शनिवारी सात हजार खर्ची, चालू टप्प्याच्या रकमेतून वजा, आणि टप्पा पुरा होईपर्यंत त्याच्या ७० टक्क्यांच्या वर नाही. जोत्याच्या ३० हजारांपैकी २१ हजार तीन शनिवारी गेले आणि नऊ हजार जोतं पुरं झाल्यावर. लग्न, दवाखाना अशा कारणाने मिस्त्रीने मध्येच उचल मागितली तर माणुसकी म्हणून द्यावी लागते. ती दिली तर तारीख टाकून पुढच्या टप्प्यातून कापायची हे तेव्हाच वहीत लिहावं.

"पूर्ण" म्हणजे काय, तेही ठरवा. जोतं पूर्ण म्हणजे आतला भराव घालून, पाणी मारून, चोपून झाल्यावर. नाही तर जोत्याचे पैसे दिल्यानंतर भराव कोणी घालायचा यावर आठवडा जातो. स्लॅबच्या टप्प्यात सेंटरिंगच्या प्लेटा, टेकू, मिक्सर आणि डिझेल कोणाचं, सळई बांधणारा फिटर दरात आहे की वेगळा, हे स्पष्ट असावं. आमच्याकडे फिटर वेगळा होता आणि ते नंतर कळलं असतं तर महागात पडलं असतं.

पाणी मारण्याची जबाबदारी करारात क्वचितच लिहिलेली असते. मालक समजतो मिस्त्री मारेल, मिस्त्री समजतो मालक मारेल. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला कमीत कमी सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस ओल राहिलीच पाहिजे, शिवाय स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं लागतं. आम्ही लिहिलं, "आळी मिस्त्री करतील, पाणी मालक भरेल." टेकू काढण्याची तारीखही लिहिली. १५ फुटांच्या आतल्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, पण मोठा गाळा असेल तर चौदा दिवस, आणि बीमखालचे चौदा दिवस तरी ठेवावेच लागतात. प्लेटा दुसरीकडे भाड्याने द्यायची घाई असते, म्हणून ती ओळ लागते.

कागदाबद्दल थोडक्यात. साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असले तरी करार होतो. मुद्रांक घ्यायचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या शंभराऐवजी पाचशेचा लागतो. मी म्हणेन, पाचशे खर्च करा, पण त्याहून महत्त्वाची ती वही. दर शनिवारी दिलेली रक्कम, तारीख आणि मिस्त्रीची सही. मोबाइलवरून पैसे पाठवले तरी वहीत नोंद हवी आणि वहीच्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये हवा.

शेवटची ओळ मिस्त्रीनेच सुचवली. काम सात दिवसांहून जास्त सलग थांबलं तर झालेल्या कामाची मोजणी गावातला तिसरा मिस्त्री करेल, त्याचं नाव आधीच लिहायचं, आणि त्याच्या मोजणीप्रमाणे हिशेब पुरा करून दोघेही मोकळे. नाव त्याने सांगितलं, आम्ही मान्य केलं, आणि तिसऱ्या मिस्त्रीनेही त्याच पानावर सही केली.