फोटोवरून मागवलेले ब्रश आणि 'पेस्टल': पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

मालवणजवळच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. रंगसाहित्याचं मोठं दुकान जवळ नाही, म्हणून सगळं ऑनलाइन मागवावं लागतं आणि निवड फोटोवरूनच होते. गेल्या जूनमध्ये बारा ब्रशांचा संच आणि चोवीस खडूंचा डबा घेतला. विक्रेत्याच्या पानावर डब्याला नुसतं 'आर्टिस्ट पेस्टल' म्हटलं होतं. पेस्टल म्हणजे कोरडे भुकटीचे सॉफ्ट पेस्टल, की ऑईल पेस्टल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आधी खाच बघितली. सॉफ्ट पेस्टलचा वापरलेला डबा असेल तर फोमच्या खाचांत रंगाची धूळ दिसतेच, शेजारच्या खडूवरही लागलेली असते. नव्या डब्यातही खडूच्या कडा किंचित झडलेल्या असतात आणि अंगावर अजिबात चमक नसते. या फोटोत खाचा स्वच्छ, खडूंना कागदी गुंडाळी, आणि उघड्या टोकावर मऊशी झळाळी. म्हणजे यात तेल किंवा मेण होतं. आता मेणखडू की ऑईल पेस्टल? मेणखडूचं टोक बहुधा साच्यातून शंकूसारखं निघतं, ऑईल पेस्टलचं सपाट किंवा बोथट असतं. इथे सपाट होतं. डबा आला तो ऑईल पेस्टलचाच.

खात्री मात्र खडूच्या फोटोपेक्षा रेघेच्या फोटोतून होते. ऑईल पेस्टलची रेघ जाड बसते, कडेला रंगाचा छोटा बांध उठतो, मधे मधे कण चिकटलेले दिसतात. मेणखडू कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो, खळग्यांत पांढरे ठिपके राहतात आणि रेघ अर्धपारदर्शक दिसते. सॉफ्ट पेस्टलही खरखरीत कागदावर असेच ठिपके सोडतं, पण ते मखमली दिसतं आणि बोट फिरवलेल्या जागी पसरतं. हे सगळं दिसायला खिडकीचा उजेड बाजूने पडायला हवा. समोरून फ्लॅश मारला की बांध सपाट होतो आणि चमकसुद्धा सगळीकडे सारखी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कागदाचा पोत पुसला जातो, अशा फोटोवरून मी काही ठरवत नाही.

चारकोलचं थोडक्यात सांगते. वेलीच्या किंवा विलोच्या काड्यांचा चारकोल वाकडातिकडा, करड्या छटेचा असतो. दाबून बनवलेला एकसारखा आणि गडद काळा. पेन्सिलीच्या शिशाशी गल्लत होते तेव्हा चित्र तिरक्या उजेडात धरून फोटो काढावा: शिसं चकाकतं, चारकोल चकाकत नाही.

वापराबद्दल सांगायचं तर एप्रिल-मेच्या उकाड्यात हे खडू इतके मऊ झाले की लहान मुलांच्या हातात गुंडाळीच फाटली. काही खडूंवर पांढुरकी साय आली होती. फोटोत तेव्हा ते सॉफ्ट पेस्टलसारखे निस्तेज दिसत होते. कापडाने हलकं पुसलं की चमक परत येते. मेण पृष्ठभागावर आल्याने ती साय धरते, खडू बिघडलेला नसतो.

ब्रशांचं चित्र वेगळं. फक्त एका बाजूचा फोटो असेल तर फ्लॅट आणि फिलबर्ट ओळखायला केसांची टोकंच बघायची, कारण दोघांचीही केस धरणारी धातूची नळी चपटी असते. फ्लॅटचं टोक सरळ कापलेलं, फिलबर्टचं अंडाकृती. केसांची लांबी रुंदीइतकीच असेल तर तो ब्राइट. राऊंडची नळी मात्र गोल. म्हणून मी नेहमी बाजूचा फोटोही मागते. नव्या ब्रशाचं टोकदार रूप गोंदामुळे असतं; धुतल्यावर राऊंडची धार टिकते का, हे फोटो सांगत नाही. या संचातल्या राऊंडची टिकली, गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणीही त्याने नीट झाली.

खरी गंमत जुन्या ब्रशांत आहे. माझ्या दहा नंबरच्या फ्लॅटचे कोपरे खरखरीत कागदावर घासून गोल झालेत, आणि फोटोत तो कुणालाही फिलबर्ट वाटेल. जवळून पाहिलं तर डावा कोपरा उजव्यापेक्षा जास्त झिजलाय आणि केसांची टोकं बोथट, फाटलेली आहेत. फिलबर्टची कमान दोन्ही बाजूंना सारखी असते आणि टोकं बारीक राहतात. जुने ब्रश विकत घेणाऱ्यांनी एवढं पाहावं.

ब्रश मी पुन्हा याच विक्रेत्याकडून घेईन. खडूंचा डबा मोठ्या वर्गांसाठी ठीक आहे, पाचवीसाठी मेणखडूच बरे. आणि पानावर एक तरी रेघ ओढलेल्या कागदाचा जवळून घेतलेला फोटो असावा, असं मी विक्रेत्याला लिहून कळवलं आहे.