एक उद्दिष्ट, तीन रस्ते: मार्केटिंग प्लॅनमध्ये केपीआय कोणता धरावा?

मार्केटिंग प्लॅनच्या असाइनमेंट तपासताना एक जोडी हमखास भेटते. उद्दिष्टाच्या रकान्यात ‘ब्रँड अवेअरनेस वाढवणे’ आणि शेजारी केपीआयच्या रकान्यात ‘लाइक्स, फॉलोअर्स, वेबसाइट ट्रॅफिक, विक्री’. आता समजा, सहा महिन्यांत लाइक्स दुप्पट झाले आणि विक्री घटली. उद्दिष्ट गाठलं का? या कागदावरून सांगताच येत नाही. मार्क जातात ते इथे, आकडा लिहिला नाही एवढ्यासाठी नाही.

उद्दिष्ट म्हणजे कुठून कुठे आणि कधीपर्यंत जायचं ते. केपीआय म्हणजे ते अंतर मोजायची पट्टी, आणि टार्गेट म्हणजे त्या पट्टीवरची एक खूण. एवढं बहुतेकांना पाठ असतं. अडतं ते निवडीत, कारण एकाच अपेक्षेची दोन-तीन वेगवेगळी उद्दिष्टं लिहिता येतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊन ती शेजारी शेजारी ठेवून बघू.

भाषा शिकवणारं एक अॅप आहे. सात दिवस फुकट ट्रायल, नंतर पैसे भरायचे. वेबसाइटला महिन्याला २०,००० भेटी येतात, त्यातून ६०० जण ट्रायल सुरू करतात (३%), आणि त्यातले ९० जण पैसे भरतात (१५%). कंपनीला सहा महिन्यांत हे ९० चे १३५ करायचेत. हे झालं व्यवसायाचं उद्दिष्ट. मार्केटिंगचं अजून लिहायचंय, आणि त्याला तीन रस्ते आहेत.

| रस्ता | भेटी | ट्रायलचा दर | पैसे भरण्याचा दर | नवे ग्राहक |
|---|---|---|---|---|
| आज | २०,००० | ३% | १५% | ९० |
| १. भेटी वाढवा | ३०,००० | ३% | १५% | १३५ |
| २. ट्रायल वाढवा | २०,००० | ४.५% | १५% | १३५ |
| ३. पैसे भरणारे वाढवा | २०,००० | ३% | २२.५% | १३५ |

कागदावर तिन्ही सारखेच. म्हणूनच बरेच जण पहिला उचलतात. भेटी मोजायला सोप्या, आणि जाहिरातीवर खर्च केला की वाढतातही. पण त्या ओळीत एक गृहीतक दडलंय: नवे येणारे १०,००० लोकही आधीच्यांसारखेच ट्रायल घेतील. आधीचे बरेचसे स्वतः शोधत आले होते, हे जाहिरातीवर चुकून बोट पडून येणार. एकूण दर ३ वरून २.२ टक्क्यांवर आला, तर ३०,००० भेटींतून ६६० ट्रायल आणि त्यातून ९९ ग्राहक. केपीआय शंभर टक्के गाठला आणि ग्राहक वाढले फक्त ९. जो केपीआय पैसे ओतून हलतो आणि तरीही धंदा जागच्या जागी राहू शकतो, तो एकटा उभा करू नये. पहिला रस्ता घ्यायचाच असेल, तर केपीआय ‘एकूण भेटी’ नको, ‘ठरलेल्या ग्राहकगटातून आलेल्या भेटी’ असा हवा, आणि ट्रायलचा दर शेजारी नोंदलेला हवा.

तिसरा रस्ता सगळ्यात आकर्षक दिसतो, कारण तो थेट पैशांपाशी जातो. पण ट्रायल घेतलेला माणूस पैसे भरतो की नाही, हे बरंचसं अॅप कसं आहे यावर ठरतं. १९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी उद्दिष्टं कशी लिहावीत याचं ‘स्मार्ट’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र मांडलं, तेव्हा त्यातला ए ‘असाइनेबल’चा होता, म्हणजे हे काम कुणाच्या नावावर आहे ते सांगता आलं पाहिजे. आपण शिकतो तो ‘अचिव्हेबल’ नंतर रुळला. मला जुना ए जास्त कामाचा वाटतो. मार्केटिंग प्लॅनमध्ये प्रॉडक्ट टीमचं काम उद्दिष्ट म्हणून लिहिलं, तर शेवटी मोजमाप होतं, पण जबाबदार कुणीच नसतं.

या रस्त्यावर मोजण्याच्याही दोन अडचणी आहेत. एक, ट्रायल सात दिवसांची. २८ तारखेला सुरू करणारा माणूस पैसे भरतो पुढच्या महिन्यात. त्यामुळे ‘या महिन्यातले पैसे भरणारे भागिले या महिन्यातल्या ट्रायल’ हा दर चुकतो, आणि ट्रायल झपाट्याने वाढत असतील तर खोटाच कमी दिसतो. मार्चमध्ये ट्रायल सुरू केलेल्या ६०० पैकी कितींनी शेवटी पैसे भरले, असंच मोजावं लागतं. दोन, आकडे लहान आहेत. ६०० जण आणि १५% असा दर असला की काहीही न करता, निव्वळ योगायोगाने एखाद्या महिन्यात ७५ निघतील, एखाद्या महिन्यात १०५. अशा वेळी एका महिन्याच्या उडीवर ‘आमची मोहीम यशस्वी’ लिहिलं की तपासणाऱ्याची पेन्सिल तिथे थांबते.

दुसरा रस्ता मला या उदाहरणात सरस वाटतो. वेबसाइटचं पान, त्यावरचा मजकूर, फॉर्म किती लांब, जाहिरातीत जे म्हटलं तेच पानावर दिसतं का, हे सगळं मार्केटिंगच्या हातात असतं. पण इथे भाजक काय, ते आधी ठरवा. २०,००० या भेटी आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस तीनदा येऊन बघून जातो. समजा, माणसं १४,००० च आहेत. मग तेच ६०० ट्रायल भेटींच्या हिशेबाने ३% आणि माणसांच्या हिशेबाने ४.३%. सुरुवात भेटींवर मोजली आणि शेवट माणसांवर, तर बोटही न हलवता उद्दिष्ट जवळजवळ गाठलेलं दिसेल. असाइनमेंटमध्ये केपीआयच्या नावाखाली सूत्र लिहायचं ते यासाठीच:

```
ट्रायल दर (%) = नव्या ट्रायल ÷ वेबसाइटच्या भेटी × १००
```

दुसऱ्या रस्त्याची लबाडीही माहीत असावी. ट्रायलसाठी कार्डाचा नंबर मागायचं बंद केलं की दर टुणकन वर जातो. ६०० चे ९०० होतात. पण हौशे-नवशे आत आल्यामुळे पैसे भरण्याचा दर १५ वरून १० टक्क्यांवर आला, तर ग्राहक पुन्हा ९०. जिथून निघालो तिथेच. म्हणून मुख्य केपीआयसोबत एक राखणदार ठेवायचा, ज्याला वाढवायचं नसतं, फक्त पडू द्यायचं नसतं. मग वाक्य असं होतं:

‘येत्या सहा महिन्यांत, महिन्याच्या भेटी २०,००० च्या आसपास राहतील असं धरून, वेबसाइटवरील ट्रायल दर ३% वरून ४.५% वर नेणे. केपीआय: ट्रायल दर, दर महिन्याला. राखणदार: त्या महिन्यातल्या ट्रायलमधून पैसे भरणाऱ्यांचा दर, तीन महिन्यांच्या सरासरीने १५ टक्क्यांखाली जाऊ नये.’

राखणदाराला तीन महिन्यांची सरासरी का, हे वर आलंच. आणि इथे ‘१.५ टक्क्यांनी वाढवणे’ असं लिहू नका. ३ ची १.५ टक्के वाढ म्हणजे ३.०४५. म्हणायचं असतं १.५ टक्के बिंदूंची वाढ, पण ‘३% वरून ४.५% वर’ लिहिलं की वादच मिटतो.

आता अवेअरनेसकडे. वरचे तिन्ही रस्ते लोक अॅपला ओळखतात हे धरून चालतात. ब्रँड अगदी नवा असेल तर आधी ओळखच करून द्यावी लागते. १९६१ मध्ये रसेल कॉली यांनी हाच आग्रह धरला होता: जाहिरातीचं यश विक्रीवर मोजू नका, कारण विक्रीवर किंमत, वितरण, स्पर्धक अशा दहा गोष्टींचा परिणाम होतो. जाहिरातीने अमुक लोकांच्या डोक्यात, अमुक काळात, काय बदललं ते मोजा, आणि मोहिमेआधी ते किती होतं तेही नोंदवा. त्यामुळे प्लॅनमध्ये ‘अवेअरनेस’ हे उद्दिष्ट ठेवणं चूक नाही. चूक असते ती त्याच्यासमोर लाइक्स ठेवण्यात.

अवेअरनेसला रीच लावायचा की सर्वेक्षण? रीच फुकटात, रोज मिळतो. पण जाहिरात किती जणांसमोर गेली, एवढंच तो सांगतो, कुणाच्या लक्षात राहिली हे नाही. ते आपण काय केलं याचं माप आहे, त्यातून काय घडलं याचं नाही. सर्वेक्षण नेमकं लक्षात राहण्याचंच माप देतं: ‘भाषा शिकवणारी कोणती अॅप आठवतात?’ असं नावं न सुचवता विचारायचं आणि किती जण आपलं नाव घेतात ते मोजायचं. त्यात गोम नमुन्याच्या आकाराची. १०० जणांना विचारून २०% उत्तर आलं, तर खरा आकडा १२ ते २८ मध्ये कुठेही असू शकतो. मोहिमेनंतर पुन्हा १०० जणांना विचारून २५% आले, तर काही बदललं असं म्हणता येत नाही. दोन्ही वेळा ४०० जण घेतले तरी साधारण ६ बिंदूंपेक्षा मोठा फरकच विश्वासाने दिसतो. म्हणजे ‘२०% वरून २५%’ हे उद्दिष्ट वाचायला छान, पण ४०० जणांच्या सर्वेक्षणाने ते सिद्ध होणार नाही. ‘२०% वरून ३०%’ होईल.

सर्वेक्षणाचं बजेटच नसेल, तर मधला मार्ग म्हणजे ब्रँडचं नाव टाइप करून होणारे शोध. नाव आठवल्याशिवाय कुणी ते टाइप करत नाही, त्यामुळे हे माप रीचपेक्षा प्रामाणिक. मात्र अॅपचं नाव एखादा रोजचा शब्द असेल तर हा आकडा निकामी.

राहिली सगळ्यांची नेहमीची तक्रार: केसमध्ये सुरुवातीचा आकडाच दिलेला नाही, मग ‘कुठून’ काय लिहायचं? दोन पर्याय दिसतात. स्वतः ३% धरून पुढे जायचं, नाहीतर ‘ट्रायल दर ५०% वाढवणे’ असं मोघम टक्क्यांत लिहायचं. दुसरा टाळा. आधार माहीत नसलेले ५०% म्हणजे दोनाचे तीन की दोन हजारांचे तीन हजार, कळत नाही. पहिला चालतो, पण आकडा गृहीत धरलाय हे त्याच ओळीत लिहा आणि प्लॅनचे पहिले चार आठवडे फक्त मोजण्यासाठी ठेवा. पाचव्या आठवड्यात खरा दर १.८% निघाला, तर टार्गेट कसं बदलेल हेही लिहून ठेवा. उदाहरणार्थ, तेवढीच दीडपट वाढ धरून २.७%. आणि मग १३५ ग्राहकांसाठी भेटी किती लागतील ते पुन्हा काढा: पैसे भरण्याचा दर १५% च राहिला, तर ९०० ट्रायल हव्यात आणि त्यासाठी भेटी ३३,३३३. तिथे पहिल्या रस्त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि प्लॅनमध्ये दोन उद्दिष्टं येतील, प्रत्येकाचा केपीआय वेगळा.