साइटचे फोटो सिंक ॲपवर की बकेटमध्ये? बकेट आठ महिने वापरल्यानंतर

ताईच्या गुहागरच्या होमस्टेची छोटी साइट मी बघतो. साधारण 400 फोटो, रिसाइज करून प्रत्येकी 250 केबीच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून 100 एमबी. एवढ्याशा साठी वेगळं स्टोरेज कशाला म्हणून सुरुवातीला फोटो सिंक ॲपच्या फोल्डरमध्येच ठेवले आणि शेअर लिंक साइटवर चिकटवल्या.

पहिली अडचण लगेच आली, शेअर लिंक म्हणजे फोटो नसतोच, फोटो दाखवणारं पान असतं, त्यामुळे `<img>` मध्ये काहीच दिसेना. लिंकच्या शेवटी बदल करून ते जमवलं आणि वर्षभर चाललंही. मग गणपतीच्या आधी बुकिंगची गर्दी झाली आणि एका रविवारी सगळे फोटो गायब. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं तर प्रत्येक फोटोला 429, म्हणजे रिक्वेस्ट फार झाल्या म्हणून लिंक थोपवलेली. महिन्याला 3000 लोक, प्रत्येकी 15 फोटो धरले तर 11 जीबी जातात, आणि हे ॲप स्वतःच्या फाइली चार जणांना दाखवायला बनवलंय, त्याची तरी काय चूक. त्यानंतर भाओजींनी लॅपटॉपवर जागा करायला तोच फोल्डर डिलीट केला, तो सिंक होऊन सगळीकडून उडाला. ट्रॅशमधून परत मिळाला, पण दोन दिवस साइट उघडीबोडकी होती.

तेव्हा क्लाउडफ्लेअर आर2 ची बकेट घेतली, म्हणजे साइटच्या फाइली ठेवून थेट लिंकने दाखवायची ऑनलाइन जागा. 10 जीबीपर्यंत स्टोरेज फुकट आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे नाहीत, ॲमेझॉनचं एस3 वगैरे घेत असाल तर हा बाहेर जाणारा डेटाच आधी बघा, बिल तिथे वाढतं. एक मात्र करा, ते देतात तो `r2.dev` पत्ता साइटवर वापरू नका, तो टेस्टिंगपुरता आहे आणि त्यालाही लिमिट आहे. स्वतःच्या डोमेनचा सबडोमेन जोडा (त्यासाठी डोमेनचा डीएनएस क्लाउडफ्लेअरवर लागतो). उद्या कंपनी बदलली तरी साइटवरची एकही लिंक बदलावी लागत नाही, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

अपलोड `rclone` या कमांड-लाइन टूलने असं करतो:

```
rclone copy ./photos r2:homestay --header-upload "Cache-Control: public, max-age=31536000" --dry-run
```

यादी बरोबर दिसली की `--dry-run` काढायचं. `copy` च वापरा, `sync` केलं तर लॅपटॉपवर नसलेली फाइल बकेटमधूनही जाते, म्हणजे भाओजींचा प्रसंग पुन्हा, आणि इथे ट्रॅश नाही.

त्या हेडरमुळे फोटो वर्षभर कॅशमध्ये राहतो. ताईने खोलीला नवा रंग दिला तेव्हा मी त्याच नावाने फोटो टाकला आणि आधी येऊन गेलेल्यांना जुनीच भिंत दिसत राहिली, सर्व्हरचा कॅश साफ करूनही, कारण त्यांचा ब्राउझर विचारायलाच येत नव्हता. आता `room2-v2.jpg` असं नवं नाव देतो.

सिंक ॲप बंद नाही केलं. ताई फोनवरून मूळ फोटो अजून त्यातच टाकते, तिला बकेट-बिकेट शिकवायची गरजच नाही, मी रिसाइज करून पुढे चढवतो.