कपडेबदलासाठी इनपेंटिंग, सूचनाधारित संपादन की नवे चित्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी वेशभूषेचे काम करते. शिवणकाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या नटाच्या अंगावर कोणता कपडा कसा दिसेल, हे दिग्दर्शकाला दाखवण्यासाठी गेले आठ महिने मी चित्रनिर्मितीची साधने जवळजवळ रोज वापरत आहे. छायाचित्रे नटांच्या लेखी संमतीने काढलेली असतात आणि ही अट मी कधीही सैल केलेली नाही. या काळात मी तिन्ही पद्धती आलटून पालटून वापरल्या : मास्क रंगवून तेवढाच भाग बदलणारे इनपेंटिंग, शब्दांत सूचना देऊन संपूर्ण चित्र संपादित करणारी नवी मॉडेल्स, आणि चित्र पहिल्यापासून नव्याने तयार करणे. यांपैकी सर्वांत चांगली कोणती, असे मला वारंवार विचारले जाते. माझ्या मते आधी विचारायला हवे ते वेगळेच : नव्या कपड्याची बाह्यरेषा जुन्या कपड्याच्या बाह्यरेषेत मावते का?

हे एका प्रसंगावरून सांगते. छायाचित्रात नट खिडकीशी उभा होता, उजेड डावीकडून येत होता आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा, गडद राखाडी, ढगळ लोकरी कोट होता. त्याजागी कमरेपर्यंतचे, अंगाबरोबर बसणारे, फिकट लिननचे जाकीट हवे होते. सवयीप्रमाणे मी आधी इनपेंटिंगकडे वळले, कोटाच्या कडेकडेने नेटका मास्क रंगवला आणि मूळ चित्र किती बदलू द्यायचे हे ठरवणारे `Denoising strength` ०.५ ठेवले. निघाले ते जाकीट नव्हतेच. तोच कोट थोडा उजळ होऊन आला. हे मूल्य कमी असले की मॉडेल जुन्या कपड्याच्या रंगछटेवरच पुढचे काम करते, त्यामुळे गडदाचे फिकट करायचे असल्यास ०.५ पुरत नाही. ते ०.८५ केले आणि मास्कमधील मूळ आशयाच्या जागी निव्वळ नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, भरण्याचा पर्याय निवडला, तेव्हा रंग आणि पोत दोन्ही हवे तसे आले. लांबी मात्र गुडघ्यापर्यंतच राहिली. मास्क कोटाच्या आकाराचा होता, आणि मॉडेलला कोटाच्या आकाराची रिकामी जागा दिली की ते ती कापडाने भरून काढते. प्रॉम्प्टमध्ये कितीही वेळा ‘कमरेपर्यंत’ लिहिले तरी आकाराचे म्हणणे शब्दांवर मात करते.

उपाय होता, पण तो दोन टप्प्यांचा. आधी कोटाच्या फक्त खालच्या घेरावर मास्क लावून तेथे पँट आणि मागची भिंत काढून घेतली. मग वरच्या भागात जाकीट बसवले. मास्क मुद्दाम ओबडधोबड आणि कपड्याबाहेर थोडा सांडलेला ठेवला, म्हणजे बाह्यरेषा कुठे घ्यायची हे मॉडेलला ठरवता येते. `Only masked` हा पर्याय वापरताना आजूबाजूचा भाग किती दिसावा हे ठरवणारे मूल्य मूळच्या ३२ पिक्सेलवरून १२० च्या आसपास नेले. हा पर्याय मास्कभोवतीचा तुकडा कापून मोठा करतो, त्यामुळे बारकावे चांगले येतात. पण त्या तुकड्यात खिडकी नसेल, तर उजेड डावीकडून येतो हे मॉडेलला कळण्यास मार्ग नसतो. माझ्या पहिल्या जाकिटाच्या घड्यांवर उजेड उजवीकडून पडलेला होता. एवढे सगळे करूनही जमिनीवरची सावली ढगळ कोटाचीच राहिली, कारण सावली मास्कच्या बाहेर होती. दिग्दर्शकाने ती पाहिली नाही. मला मात्र दुसरे काही दिसेना.

तेच छायाचित्र मी सूचनेवर चालणाऱ्या मॉडेलला दिले. या प्रकाराची सुरुवात २०२२ मधील इन्स्ट्रक्टपिक्स२पिक्सपासून माझ्या ओळखीची आहे. त्यात कोट बदलायला सांगितले की भिंतीचा रंगही बदलत असे. २०२५ मध्ये आलेली फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि क्वेन इमेज एडिट ही मॉडेल्स त्याच्या कितीतरी पुढे आहेत. मी दिलेली सूचना अशी होती :

```
Replace the long grey coat with a fitted waist-length
light linen jacket. Keep the face, pose, framing and
background exactly the same.
```

एका वाक्यात लांबी बरोबर आली, कोटाखाली झाकलेली पँट दिसू लागली आणि सावलीही अरुंद झाली. चेहरा मात्र तोच राहिला नव्हता. जबडा किंचित निमुळता झाला होता, आणि नटाच्या आईने ओळखले असते पण नटाने स्वतः तक्रार केली असती, इतपत तो फरक होता. या पद्धतीत संपूर्ण चित्र मॉडेलमधून जाऊन पुन्हा रंगवले जाते, त्यामुळे न बदललेला भागही पिक्सेलगणिक तसाच राहील याची हमी नसते. ते तपासण्याची माझी रीत सोपी आहे : चित्र संपादनाच्या प्रोग्राममध्ये मूळ आणि नवे चित्र एकावर एक ठेवून वरच्या लेयरला `Difference` लावायचे. कपड्याबाहेरचा भाग काळा दिसला पाहिजे. माझ्या बाबतीत चेहऱ्याभोवती राखाडी कडा चमकत होत्या आणि भिंतीच्या रेषा दुहेरी दिसत होत्या, म्हणजे संपूर्ण चौकटच काही पिक्सेलनी सरकली होती.

तेव्हापासून मी सूचनेतून आलेले चित्र अंतिम मानत नाही. ते मूळ छायाचित्रावर लेयर म्हणून ठेवते, सरकलेले असल्यास जुळवून घेते आणि फक्त जाकीट, पँट व सावली तेवढी दिसू देते. चेहरा, हात आणि भिंत मुळातलीच राहतात. उरतो तो सांधा, विशेषतः कॉलरपाशी आणि मनगटावर बाही संपते तेथे. तेवढ्या पट्टीवर लहानसा मास्क आणि ०.३५ ते ०.४ चे इनपेंटिंग पुरेसे होते. आणखी एक पथ्य मी पाळते : दुसरा रंग हवा असेल, तर आधीच्या निकालावर सूचना न देता पुन्हा मूळ छायाचित्रापासून सुरुवात करते. सलग चार सूचना एकावर एक दिल्या तेव्हा त्वचा मेणासारखी गुळगुळीत झाली आणि विरोधछटा वाढत गेली.

याचा अर्थ निव्वळ इनपेंटिंग निरुपयोगी ठरले असे नाही. त्याच बाह्यरेषेत साध्या कापडाचे चौकड्याचे कापड करायचे असेल, बटणे बदलायची असतील किंवा खिसा काढून टाकायचा असेल, तर मी दुसऱ्या कशाकडेही वळत नाही. फक्त कपड्यासमोर हात आला असेल, तर बोटे मास्कमधून बारकाईने वगळावी लागतात. नाहीतर सहावे बोट ठरलेलेच.

नव्याने चित्र तयार करण्याची वेळ त्याच नाटकात पुढे आली. दिग्दर्शकाला नट खुर्चीत बसलेला आणि जाकीट काढून खांद्यावर टाकलेले हवे होते. येथे मास्क कशावर लावणार? शरीराची ठेवण बदलली की कापडाची प्रत्येक घडी बदलते, आणि उभ्या छायाचित्राची डागडुजी करण्यात अर्थ नसतो. नटाच्या सुमारे वीस छायाचित्रांवर शिकवलेला छोटा लोरा, म्हणजे मॉडेलला त्याचा चेहरा ओळखीचा करून देणारी जोडणी, आणि बसण्याच्या ठेवणीसाठी चित्रातील शरीराची ठेवण ठरवून देणारे कंट्रोलनेट वापरून मी चित्रे काढली. कापडाचे पडणे तिन्ही पद्धतींत येथेच सर्वांत स्वाभाविक होते, कारण शरीर आणि कपडा एकत्रच घडले होते. परंतु बटणे एका चित्रात तीन, दुसऱ्यात पाच, आणि कॉलर प्रत्येक वेळी निराळी. प्रसंगाचा भाव ठरवण्यासाठी ही चित्रे उत्तम आहेत. शिंप्यासमोर मात्र मी ती ठेवत नाही. एकदा ठेवली होती, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘यातले नक्की कोणते जाकीट शिवायचे?’