स्थिर सदिश काढताना: वारंवार गुणाकार, आयगेनव्हेक्टर की समीकरणे?

तीन मोबाइल सेवांमध्ये दर महिन्याला ग्राहक इकडून तिकडे जातात, त्यांच्या स्थलांतराची स्टोकॅस्टिक मॅट्रिक्स तयार आहे आणि आता दीर्घकालीन वाटा काढायचा आहे, अशा टप्प्यावर जो आहे त्याच्यासाठी हा आढावा आहे. मार्ग तीन आहेत आणि तिन्ही मी वापरून पाहिले आहेत. कागदावर तिन्हींचे उत्तर एकच येते. प्रत्यक्षात ते तसे का येत नाही, हे मला एका उदाहरणाने चांगलेच कळले, म्हणून तेच उदाहरण येथे घेतो.

सेवांना अ, ब आणि क म्हणू. ओळ म्हणजे ग्राहक या महिन्यात कोठे आहे आणि स्तंभ म्हणजे पुढच्या महिन्यात तो कोठे असेल.

```
P = np.array([[0.980, 0.012, 0.008],
              [0.020, 0.960, 0.020],
              [0.020, 0.030, 0.950]])
```

अ नवी सेवा आहे. सुरुवातीला तिच्याकडे २० टक्के ग्राहक आहेत, ब कडे ५० आणि क कडे ३०.

पहिला मार्ग सर्वांत सहज सुचणारा आहे. सुरुवातीच्या वाट्यांना मॅट्रिक्सने गुणत राहायचे आणि उत्तर हलेनासे झाले की थांबायचे. यात प्रत्येक पायरीला अर्थ असतो, कारण सहावा गुणाकार म्हणजे सहा महिन्यांनंतरचे चित्र. ही सोय इतर दोन मार्गांत नाही आणि बैठकीत आलेख दाखवायचा असेल तर ती मोलाची आहे. मीही याच मार्गाने सुरुवात केली. सलग दोन महिन्यांत एकाही सेवेच्या वाट्यात ०.००१ इतकाही फरक पडला नाही तर थांबावे, असा निकष ठेवला. बासष्टाव्या गुणाकाराला प्रोग्राम थांबला आणि अ चा वाटा ४७.६ टक्के, ब चा ३१.५ आणि क चा २०.९ असा आला. आकडे वाजवी दिसत होते, त्यामुळे मी ते अहवालात लिहून टाकले.

त्याच मॅट्रिक्सवर एका सहकाऱ्याने स्वतंत्रपणे काम केले होते. त्याने सुरुवात अ कडे ९० टक्के ग्राहक आहेत असे धरून केली होती, निकष माझाच होता, आणि त्याच्याकडे अ चा वाटा ५२.४ टक्के आला. स्थिर सदिश सुरुवातीवर अवलंबून नसतो असे आम्ही दोघेही शिकलो होतो, आणि तरी आमच्या उत्तरांत जवळपास पाच टक्क्यांचे अंतर होते. अर्धा दिवस आम्ही एकमेकांच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. चूक कोणाच्याच प्रोग्राममध्ये नव्हती, ती थांबण्याच्या निकषात होती.

अ मधून दर महिन्याला २ टक्के ग्राहक बाहेर पडतात, आणि ब असो वा क, दोन्हीकडून २ टक्के अ कडे येतात. म्हणजे अ चा नवा वाटा हा जुन्या वाट्याच्या ०.९६ पट अधिक ०.०२ इतका असतो. यातून खरे उत्तर ५० टक्के निघते आणि त्यापासूनचे अंतर दर महिन्याला फक्त ४ टक्क्यांनी आटते. त्यामुळे एका महिन्यातला बदल हा उरलेल्या अंतराचा पंचविसावा भाग असतो. बदल ०.००१ वर आला तेव्हा खरे उत्तर अजून सुमारे ०.०२४ दूर होते. मी खालून चढत होतो, तो वरून उतरत होता, आणि दोघेही वाटेतच थांबलो. ग्राहक जितके चिकट, तितका बदल मंद आणि तितका हा निकष फसवा; मोबाइल सेवांचे ग्राहक तर बहुतेक महिने जागचे हलतच नाहीत. निकष एक कोट्यंशावर नेला तर हा प्रश्न सुटतो, हे मान्य आहे. पण तो किती कडक हवा हे ठरवायला ०.९६ हा आकडा आधीच माहीत असावा लागतो.

दुसरा मार्ग, आयगेनव्हेक्टरचा, नेमका हाच आकडा देतो. १ नंतरची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू ०.९६ आहे, म्हणजे अंतर निम्मे व्हायला साधारण १७ महिने लागतात, ही माहिती खरोखर उपयोगी आहे. वाट्यांसाठी मात्र मी हा मार्ग घेत नाही. `np.linalg.eig(P)` असे थेट लिहिले तर १ या आयगेनव्हॅल्यूसमोर ०.५७७ हा आकडा तीनदा येतो आणि बेरजेने भागल्यावर तिन्ही सेवांना समान एकतृतीयांश वाटा मिळतो. ते उत्तर या मॅट्रिक्सचे नव्हेच, कारण प्रत्येक ओळीची बेरीज १ असली की कोणत्याही मॅट्रिक्ससाठी तेच येते. `P.T` दिल्यावर बरोबर सदिश मिळतो, पण तोही कधी पूर्ण ऋण चिन्हांचा असतो, आणि १ ही आयगेनव्हॅल्यू यादीत कितव्या जागी असेल याची खात्री नसते.

तिसरा मार्ग समीकरणांचा. स्थिर अवस्थेत प्रत्येक सेवेत येणारे आणि तिच्यातून जाणारे ग्राहक सारखे असतात. त्या तीन समीकरणांतले एक इतर दोघांवरून आपोआप निघते, म्हणून ते काढून त्या जागी "बेरीज १" हे समीकरण ठेवायचे.

```
A = P.T - np.eye(3)
A[-1, :] = 1
pi = np.linalg.solve(A, [0, 0, 1])
```

उत्तर ०.५, ०.३, ०.२. हातानेही ते दोन ओळींत निघते. अ च्या समीकरणातून अ चा वाटा इतर दोघांच्या बेरजेइतका, म्हणजे ०.५, हे लगेच दिसते. ब साठी ०.०४ब = ०.००६ + ०.०३(०.५ − ब), म्हणून ब = ०.३. येथे सुरुवातीचा वाटा लागत नाही आणि कोठे थांबायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. आम्हा दोघांचा अर्धा दिवस ज्यात गेला, ती वादाची जागाच येथे उरत नाही, आणि माझ्यापुरता निर्णय तेथेच झाला.

या मार्गाचीही एक खोट आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. समजा पहिल्या ओळीत ०.००८ च्या जागी चुकून ०.००७ टंकले गेले. ओळीची बेरीज ०.९९९ होते, पण तो आकडा फक्त क च्या समीकरणात येतो आणि आपण तेच काढून टाकलेले असते. त्यामुळे उत्तर निमूटपणे तेच ०.५, ०.३, ०.२ येते. `pi @ P` करून पाहिले की क चा वाटा ०.१९९५ दिसतो आणि चूक उघड होते. हा एक गुणाकार मी आता न चुकता करतो. पहिल्या मार्गात ही चूक लपली नसती, कारण तेथे एकूण बेरीज दर महिन्याला घटत गेली असती.

याउलट, अ कडे बाहेरून कोणी येत नाही आणि अ मधून कोणी जातही नाही अशी मॅट्रिक्स दिली, तर स्थिर सदिश एकच राहत नाही. तेव्हा वरच्या प्रोग्राममध्ये पहिले समीकरण पूर्ण शून्य होते आणि `solve` सरळ `Singular matrix` म्हणून थांबते. वारंवार गुणाकार मात्र अ चा सुरुवातीचा वाटा तसाच ठेवून शांतपणे एक उत्तर हातात देतो.

सेवांऐवजी लाखो अवस्था असतील आणि मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्येच असतील, तर गुणाकाराचा मार्गच परवडतो आणि तेथे माझी पसंती लागू होत नाही. तीन, पाच किंवा अगदी काहीशे अवस्थांसाठी मात्र मी वाटे समीकरणांनी काढतो, आयगेनव्हॅल्यू फक्त वेगासाठी पाहतो, आणि गुणाकार सहा महिन्यांनंतरचा आलेख काढण्यापुरता ठेवतो. अहवालातल्या ४७.६ च्या जागी ५० लिहून मी तो पुन्हा पाठवला आणि सोबत १७ महिन्यांची टीपही जोडली, कारण अ सेवेला ५० टक्क्यांजवळ पोहोचायला अनेक वर्षे लागतील, हे त्या एका आकड्यावरून कोणालाच कळले नसते.